फोनमधील दुबार संपर्क व कालबाह्य कॅलेंडर नोंदींची एकगठ्ठा सफाई

फोनच्या संपर्कयादीत एकाच व्यक्तीच्या नावे झालेल्या अनेक नोंदी आणि कॅलेंडरमधील मुदत उलटलेल्या नोंदी एकेक न पुसता एकगठ्ठा काढून टाकण्याची ही क्रिया आहे. संपर्कयादीतील दुबार नावे बहुधा कोणाच्या चुकीमुळे नव्हे, तर अनेक ठिकाणच्या याद्या एकत्र आल्यामुळे निर्माण होतात. त्यामुळे किती नोंदी पुसायच्या यापेक्षा कोणती प्रत कोठे साठवलेली आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

अँड्रॉइड फोनवर दिसणारी यादी एकसंध नसते. सिमकार्ड, फोनची स्वतःची साठवण आणि गूगल खाते यांतील नोंदी तेथे एकत्र दाखवल्या जातात व सारख्या वाटणाऱ्या नोंदी आपोआप जोडल्याही जातात. अशी जोडलेली नोंद पुसली की सामान्यतः तिच्या मागच्या सर्व प्रती पुसल्या जातात. ‘सिममधली तेवढी काढतो’ म्हणून केलेली सफाई गूगल खात्यातील मूळ नोंदही घेऊन जाते आणि खाते समक्रमित होताच ती त्याच खात्याच्या इतर उपकरणांवरूनही नाहीशी होते.

भारतात या घोळाला क्रमांक लिहिण्याच्या पद्धतींचाही हातभार लागतो. एकच मोबाइल क्रमांक नुसत्या दहा आकड्यांत, आधी ० लावून किंवा +९१ लावून जतन केलेला असतो. लँडलाइनवरून मोबाइल क्रमांक फिरवताना आधी ० लावणे १५ जानेवारी २०२१ पासून देशभर बंधनकारक झाले. त्याआधी परगावच्या मोबाइलसाठी ० लावण्याची सवय होतीच. मराठी घरांत याच्या जोडीला लिपीचा फरक येतो. ‘आई’ आणि रोमन लिपीतील ‘Aai’ ही दोन नावे केवळ नावावरून जुळत नाहीत; त्यांना जोडणारा धागा क्रमांकच असतो.

समजा, एका फोनवर ९०० नोंदी आहेत: गूगल खात्यात ५२०, फोनमध्ये २३० आणि सिमवर १५०. प्रथम सर्व नोंदींची .vcf फाइल काढून ती फोनबाहेर ठेवावी. मग फोन व सिममधील ३८० नोंदी गूगल खात्यात आयात कराव्यात, म्हणजे दुबार नावे काही काळ वाढतील. पण सर्व प्रती एका खात्यात आल्याशिवाय त्यांची खरी तुलना होत नाही. त्यानंतर संगणकावर contacts.google.com उघडून ‘Merge & fix’ मधील सूचना पाहाव्यात. विलीनीकरणात दोन्ही नोंदींतील क्रमांक व पत्ते एका नोंदीत येतात. म्हणून ते पुसण्यापेक्षा सुरक्षित ठरते. सिमवरील प्रती सर्वांत शेवटी काढाव्यात.

सर्व सूचना एका दमात मान्य करण्याचा मोह मात्र आवरावा. एकाच घरच्या लँडलाइनमुळे नवरा-बायकोची नोंद एक होऊ शकते, आणि दोन वेगवेगळे ‘सुनील प्लंबर’ एकाच माणसाचे दोन क्रमांक होऊन बसतात. नोंदीत अचानक तीन-चार क्रमांक दिसू लागले की हे ओळखावे. गूगल खात्यातील ‘Undo changes’ वापरून ३० दिवसांपर्यंतच्या आधीच्या स्थितीला परतता येते. सिमवरून पुसलेल्याला ही सोय नाही. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून दुबार नोंदी आढळल्यास संपर्कयादीच्या वरच्या बाजूला तशी सूचना येते.

कॅलेंडरचे दुखणे वेगळे आहे. होऊन गेलेली एकेरी नोंद कोणाला त्रास देत नाही, उलट ‘दाताच्या डॉक्टरांकडे कधी गेलो होतो’ याचे उत्तर तीच देते. ती सोडून दिलेली बरी. त्रास होतो तो संपूनही वाजत राहणाऱ्या आवर्ती नोंदींचा. दर मंगळवारचा शिकवणीचा वर्ग शेकडो नोंदींसारखा दिसला, तरी प्रत्यक्षात ती एकच नोंद व एकच नियम असतो:

```
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
```

नियमाला शेवट नसल्याने वर्ग बंद झाला तरी घंटा वाजतच राहते. यातील एखादी तारीख पुसताना तीन पर्याय येतात: फक्त ती तारीख, ती व पुढच्या तारखा, किंवा सर्व नोंदी. सर्व नोंदी पुसल्या तर झालेल्या वर्गांचा मागही जातो; बंद झाल्यानंतरची पहिली तारीख निवडून ‘This and following events’ घेतले, तर मागचे शाबूत राहून पुढचे थांबते. इतरांना निमंत्रणे पाठवलेली असतील, तर आयोजकाने नोंद पुसताना त्यांना रद्द झाल्याचा निरोप जाऊ शकतो, म्हणून तो पर्याय पाहूनच पुढे जावे.

गूगलच्या मुख्य कॅलेंडरमधील सर्व नोंदी पुसून ते पूर्ण रिकामे करता येते, पण त्यात जुने-नवे असा भेद होत नाही. त्यामुळे आधी .ics फाइल काढून ठेवावी. जुन्या नोकरीचे किंवा संपलेल्या उपक्रमाचे स्वतंत्र कॅलेंडर असेल, तर तेवढेच काढणे सोपे पडते. ‘Subscribe’ करून जोडलेल्या कॅलेंडरमधील एखादी नोंद पुसता येत नाही. ते कॅलेंडरच ‘Unsubscribe’ करून काढावे लागते. संपर्कांतून येणारे वाढदिवस दोनदा दिसत असतील, तर त्यांचे मूळ दुबार संपर्कांत असते. म्हणून संपर्कांची सफाई आधी व कॅलेंडरची नंतर करणे सोयीचे ठरते.