बहुसत्रीय स्मृतिचाचणी

संवाद साधणाऱ्या संगणकीय प्रणालीला एखाद्या जुन्या सत्रात सांगितलेली माहिती पुढची अनेक सत्रे उलटल्यावर आठवते का, हे मोजण्याची पद्धत. आधीच्या संभाषणात काही तथ्ये मुद्दाम पेरली जातात, मध्ये इतर विषयांची सत्रे घातली जातात आणि शेवटी पेरलेल्या तथ्यांवर प्रश्न विचारून बरोबर उत्तरांचे प्रमाण काढले जाते. मोठ्या भाषा मॉडेलांवर उभारलेल्या मदतनीस प्रणालींना स्वतंत्र स्मृतिसंग्रह जोडण्याची प्रथा साधारण २०२३ नंतर रूढ झाली आणि ही चाचणी तिच्याबरोबरच वाढली. सत्र म्हणजे सुरुवात व शेवट असलेले एक सलग संभाषण. सत्र संपले की मॉडेलच्या तात्कालिक संदर्भातून, म्हणजे त्या वेळी त्याच्यासमोर असलेल्या मजकुरातून, ते निघून जाते आणि पुढे जे काही उरते ते संग्रहात लिहिले गेले असेल तरच उरते.

उगम : या पद्धतीचा उगम कोठे शोधावा याबद्दल एकमत नाही. एक परंपरा तो हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांपर्यंत नेते. त्याने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि सुमारे वीस मिनिटांपासून ३१ दिवसांपर्यंतच्या अंतरांनी त्या पुन्हा शिकताना किती श्रम वाचतात हे मोजले. त्यातून मिळालेला विस्मरणाचा वक्र आधी वेगाने आणि मग मंद गतीने उतरतो. आजच्या चाचण्यांत ‘किती सत्रांपूर्वी’ हे अंतर आडव्या अक्षावर व आठवणीचे प्रमाण उभ्या अक्षावर मांडतात, ती मांडणी या वक्रासारखीच दिसते. तरी साम्य बव्हंशी आलेखापुरतेच आहे. एबिंगहाउसने पुन्हा शिकण्यातली बचत मोजली, प्रश्नोत्तरे नव्हेत.

दुसरे मत अलीकडचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रेग कमराड यांनी ‘गवताच्या गंजीतली सुई’ या नावाने प्रसिद्ध झालेली चाचणी मांडली. लांबलचक निबंधांच्या मजकुरात त्याच्याशी संबंध नसलेले एक वाक्य वेगवेगळ्या खोलीवर घालायचे आणि मॉडेल ते शोधून काढते का ते पाहायचे, अशी ती होती. तथ्य पेरण्याची कल्पना तेथून घेतली असे अनेक जण मानतात. परंतु त्या चाचणीत सगळा मजकूर एकाच वेळी मॉडेलसमोर असतो. काय लिहून ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे हा निर्णय तेथे घ्यावाच लागत नाही, आणि स्मृतिप्रणालीची खरी कसोटी त्याच निर्णयात असते.

तिसरी वाट संवादाच्या संशोधनातून येते आणि ती अधिक जवळची वाटते. जिंग शू, आर्थर स्लाम व जेसन वेस्टन यांनी २०२१ मध्ये अनेक सत्रांच्या मानवी संभाषणांचा संच प्रसिद्ध केला, मात्र त्यात एका जोडीची सत्रे पाचच्या पुढे जात नव्हती. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘मेमजीपीटी’ या प्रणालीने तोच संच घेऊन आधीच्या सत्रांवर प्रश्न विचारले. २०२४ च्या आरंभी ‘लोकोमो’ या संचाने सत्रांची संख्या ३५ पर्यंत नेली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘लाँगमेमइव्हॅल’ने ५०० प्रश्न दिले. मॉडेल मजकूर ज्या लहान तुकड्यांत मोडून वाचते त्यांना टोकन म्हणतात. त्याच्या लहान आवृत्तीत प्रत्येक प्रश्नामागे सुमारे १ लाख १५ हजार टोकनांचा, तर मोठ्या आवृत्तीत सुमारे ५०० सत्रांचा इतिहास असतो.

तात्त्विक पूर्वज शोधायचाच असेल, तर तो एबिंगहाउसपेक्षा हस्तक्षेपाच्या सिद्धांतात सापडतो. ग. ए. म्युलर व अ. पिल्झेकर यांनी १९०० मध्ये असे दाखवले, की शिकण्यानंतर दुसरे काही शिकल्यास आधीचे आठवणे अवघड होते. १९५७ मध्ये बेन्टन अंडरवुड यांनी उलट बाजू मांडली. आधी बऱ्याच याद्या पाठ केलेले लोक चोवीस तासांत सुमारे तीन चतुर्थांश विसरत, तर कोणतीही यादी आधी पाठ न केलेले सुमारे एक चतुर्थांशच. काळ दोघांसाठी सारखाच होता. फरक साचलेल्या समान सामग्रीचा होता. संगणकीय संग्रहात लिहिलेली नोंद दिवस उलटल्याने झिजत नाही, म्हणून तिथले विस्मरण समजून घ्यायला हाच सिद्धांत अधिक उपयोगी पडतो.

कृती : समजा, इतिहासात चाळीस सत्रे आहेत. तिसऱ्या सत्रात वापरकर्ता अभ्यासाचे वेळापत्रक मागतो आणि ओघात म्हणतो, ‘मंगळवारी संध्याकाळी माझा पोहण्याचा वर्ग असतो, त्या दिवशी कमी ठेव.’ तथ्य असे आडून येणे महत्त्वाचे आहे. ‘हे लक्षात ठेव’ असे सांगितले, तर प्रणालीला काय महत्त्वाचे आहे ते स्वतः ओळखावे लागत नाही. सतराव्या सत्रात दुसऱ्याच कामाच्या बोलण्यात कळते की वर्ग आता गुरुवारी गेला आहे. एकोणतिसाव्या सत्रात वापरकर्त्याच्या बहिणीचा चित्रकलेचा वर्ग मंगळवारी असल्याचा उल्लेख येतो. हे मुद्दाम ठेवलेले आमिष. बाकीची सत्रे भरावाची असतात. चाळिसाव्या सत्रानंतर प्रश्न विचारला जातो : ‘माझा पोहण्याचा वर्ग कोणत्या वारी असतो?’

अपेक्षित उत्तर ‘गुरुवार’. प्रणालीने ‘मंगळवार’ म्हटले, तर चूक कोठे झाली ते उत्तरावरून कळत नाही आणि जाणकार परीक्षक येथेच थांबत नाहीत. पहिल्यांदा ते संग्रह उघडून पाहतात. सतराव्या सत्राचा सारांश करताना प्रणालीने ‘वापरकर्ता पोहायला शिकतो’ एवढेच लिहिले आणि वार गाळला असेल, तर दोष लेखनाचा आहे व पुढची कोणतीही सुधारणा तो भरून काढू शकत नाही. नोंद पूर्ण असेल, तर प्रश्नाच्या वेळी संग्रहातून कोणत्या नोंदी उचलल्या गेल्या ते तपासतात. अर्थसाम्यावर चालणाऱ्या शोधात जुनी मंगळवारची नोंद प्रश्नाच्या शब्दांशी अधिक जुळते आणि वर येते. ‘वर्ग गुरुवारी हलवला’ या नोंदीत पोहण्याचा उल्लेखच नसेल, तर ती मागे पडते. हा पुनर्प्राप्तीचा दोष झाला. दोन्ही नोंदी मॉडेलसमोर आल्या आणि तरीही त्याने जुनी निवडली, तर दोष वाचनाचा आहे. नोंदींवर तारखा नसणे हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. खातरजमेसाठी पुरावा असलेली सत्रेच तेवढी मॉडेलच्या हाती देऊन तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तेव्हाही उत्तर चुकले, तर स्मृतिसंग्रहाला दोष देता येत नाही.

याच पेरणीतून आणखी दोन प्रश्न निघतात. ‘आधी वर्ग कोणत्या वारी होता?’ हा प्रश्न जुनी नोंद पुसून टाकणाऱ्या प्रणालींना उघडा पाडतो. ‘माझा टेनिसचा वर्ग कधी असतो?’ याचे उत्तर इतिहासात नाही, आणि तसे सांगणे हेच बरोबर उत्तर. हा दुसरा प्रकार अनेक चाचण्यांतून वगळला जातो. ते योग्य नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला काहीतरी ठोकून देणारी प्रणाली त्यामुळे नकळत वरचढ ठरते.

मापन : पुनर्प्राप्तीचे मोजमाप आणि उत्तराचे मोजमाप वेगळे ठेवावे लागते. पहिल्याला रिकॉल म्हणतात. उत्तरासाठी लागणाऱ्या पुराव्यांपैकी किती पुरावे उचललेल्या पहिल्या, समजा, पाच नोंदींत आले, याचे ते प्रमाण असते. वर्ग पुढे तिसाव्या सत्रात शनिवारी गेला आणि ‘वर्गाचा वार किती वेळा बदलला?’ असे विचारले, तर तीन सत्रांतले पुरावे लागतात. त्यांतले दोन मिळाले, तर रिकॉल दोन तृतीयांश होतो, पण उत्तर ‘एकदा’ येते, म्हणजे साफ चुकते. त्यामुळे रिकॉलची सरासरी चांगली असूनही अनेक सत्रे जोडणाऱ्या प्रश्नांत प्रणाली कोसळते. उत्तरांची तपासणी हल्ली बहुधा दुसऱ्या भाषा मॉडेलकडून करवून घेतात. शब्द जुळवून पाहणारी जुनी गुणपद्धत ‘गुरुवारी’ आणि ‘आता गुरुवारकडे गेला आहे’ यांना सारखे गुण देत नाही. मात्र तपासनीस मॉडेलचे निर्णय माणसाच्या निर्णयांशी थोड्या नमुन्यावर तरी ताडून घ्यावे लागतात.

अंदाजाने मिळणारे गुण वजा करणेही आवश्यक आहे. वाराच्या प्रश्नात संग्रह रिकामा असतानाही सातांत एक, म्हणजे सुमारे १४ टक्के उत्तरे नशिबाने बरोबर येऊ शकतात. म्हणून सर्व प्रश्न आधी स्मृतीशिवाय विचारून पाहतात आणि त्याही स्थितीत वरचेवर सुटणारे प्रश्न बाद करतात.

अंतराचा परिणाम पाहायचा असेल, तर मधल्या सत्रांची संख्या आणि त्यांतला समान मजकूर या दोन गोष्टी वेगवेगळ्या बदलाव्या लागतात. पहिल्या मालिकेत तथ्य व प्रश्न यांच्यामध्ये पाच, वीस आणि शंभर असंबद्ध सत्रे घालतात. दुसरीत वीसच सत्रे ठेवून त्यांतली आमिषे वाढवत नेतात. पहिल्या मालिकेत घसरण अल्प आणि दुसरीत मोठी आली, तर कारण अंतर नसून स्पर्धा आहे. केवळ सत्रे वाढवून काढलेल्या वक्रात या दोन गोष्टी मिसळतात, कारण लांब इतिहासात सारखे दिसणारे उल्लेख आपोआपच वाढतात.

मर्यादा : संचाचा आकार हा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. ५०० प्रश्नांवर ७० टक्के गुण मिळाले, तर नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता दोन्ही बाजूंना सुमारे ४ टक्क्यांची असते. ‘लाँगमेमइव्हॅल’मध्ये उत्तर नाकारण्याचे प्रश्न ३० आहेत. तेवढ्यावर तीच अनिश्चितता १६ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन प्रणालींतला तीन टक्क्यांचा फरक श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून मांडला जातो, तेव्हा हा हिशेब केलेला नसतो. ‘लोकोमो’बाबत वेगळी अडचण आहे. त्यातले संभाषण मूळ शोधनिबंधानुसार सरासरी सुमारे ९ हजार टोकनांचे असते आणि ते आजच्या मॉडेलच्या संदर्भात एका दमात बसते. त्यामुळे पूर्ण मजकूर समोर ठेवून मिळवलेले गुण शेजारी दिल्याशिवाय त्यावरचे गुण स्मृतीचे मानता येत नाहीत.

दोन्ही संच इंग्रजीत आहेत. विभक्तिप्रत्ययांमुळे एकाच शब्दाची अनेक रूपे होणाऱ्या भाषांत ‘वर्ग’, ‘वर्गाचा’, ‘वर्गाला’ अशा रूपांमुळे शब्दजुळणीवर चालणारा शोध अधिक चुकण्याचा संभव असतो. मूळ शब्द वेगळे न करता प्रश्नाची व नोंदीची रूपे तशीच ताडली, तर पुरावा संग्रहात असूनही सापडत नाही. पेरलेले वाक्य आणि प्रश्न यांत एकही सामाईक शब्दरूप नसेल असे काही प्रश्न मुद्दाम ठेवले, तर हा दोष लगेच दिसतो.