मेथोट्रेक्सेट रोज की आठवड्याला?

“सोरायसिसची मेथोट्रेक्सेट रोज घेतली की लवकर गुण येतो.”

नाही हो, ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोजची असते ती बहुतेक फॉलिक ॲसिडची, दोन्ही बऱ्याचदा पिवळ्या आणि बारीक, तिथेच घोळ होतो. समजा सोमवारी १५ मिग्रॅ लिहिलीय आणि घेतली रोज, तर आठवड्यात १०५ झाली, रक्तपेशी बनायच्या थांबायला लागतात, आधी तोंड येतं आणि आपण उष्णता म्हणून गुलकंद खात बसतो! तोंड आलं, ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. चिठ्ठीवर वार बघा, केमिस्टकडून स्ट्रिपवरही लिहून घ्या. त्वचा साफ दिसली तरी सीबीसी, लिव्हर, किडनीच्या टेस्ट चुकवू नका, किडनी मंदावली तर औषध अंगात साठतं. दारूचा भारही त्याच लिव्हरवर, त्यामुळे रविवारची बिअरही डॉक्टरांना खरी सांगा.