रक्तदाबमापकाचे आकडे एकमेकांशी जुळतात. पण ते बरोबर असतात का?

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या रक्तदाबमापकांबाबत बहुतेक वेळा एकच तक्रार असते: लागोपाठ दोनदा मोजले तरी आकडा वेगळा येतो. आकडा दर वेळी जवळजवळ सारखाच येतो म्हणून यंत्र तपासायला आणणारे ग्राहक मात्र विरळा. आमच्या मते काळजीचे कारण अधिक वेळा तिथेच दडलेले असते, आणि म्हणून हे माहितीपत्रक.

समजा, एका व्यक्तीचा वरचा रक्तदाब नीट तपासलेल्या उपकरणावर, योग्य पद्धतीने मोजला असता १३० मिलिमीटर पारा इतका आहे. घरच्या यंत्रावर तिला १४२, १४४, १४३, १४१ आणि १४५ असे आकडे मिळाले. ते एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, म्हणजे मापनात परिशुद्धता आहे; परंतु त्यांची सरासरी १४३ येते आणि ती खऱ्या मूल्यापेक्षा १३ ने अधिक आहे, म्हणजे अचूकता नाही. तितकाच रक्तदाब असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला १२४, १३७, १२९, १३५ आणि १२५ असे आकडे मिळाले. हे विखुरलेले आहेत, पण त्यांची सरासरी बरोबर १३० येते.

दुसऱ्या व्यक्तीच्या आकड्यांतील चूक यादृच्छिक आहे: ती कधी वर जाते, कधी खाली. श्वास, किंचित हालचाल, मनावरचा ताण यांमुळे रक्तदाब स्वतःच क्षणोक्षणी बदलत असतो, त्यामुळे या विखुरण्यातला बराचसा भाग यंत्राचा दोष नसतोच. अशा चुकीवर सरासरी हा उपाय आहे. चार मापनांच्या सरासरीतील अनिश्चितता एका मापनाच्या साधारण निम्मी होते. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढला असता, तर १२४ पाहणारा निश्चिंत झाला असता आणि १३७ पाहणारा चिंतेत पडला असता.

पहिल्या व्यक्तीने मात्र शंभर वेळा मोजले तरी सरासरी १४३ च्या आसपासच राहील. ही पद्धतशीर चूक आहे. ती दर वेळी एकाच दिशेने होते आणि आकड्यांकडे कितीही निरखून पाहिले तरी दिसत नाही. ती शोधायची तर मापनाची पद्धत बदलून पाहावी लागते किंवा यंत्र दुसऱ्या विश्वासार्ह उपकरणाशी ताडून पाहावे लागते.

आपल्या उदाहरणातील व्यक्ती हात मांडीवर ठेवून मोजत होती आणि त्यामुळे दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर खाली राहत होता. रक्ताच्या स्तंभाच्या वजनामुळे दर १० सेंटिमीटरला साधारण ८ मिलिमीटर पारा इतका दाब वाढतो, म्हणून केवळ या सवयीनेच आकडा सुमारे ९ ने फुगला होता. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत ठेवल्यावर सरासरी १३४ वर आली. उरलेल्या ४ चे कारण पट्ट्यात सापडले: दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर होता आणि पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी बनवलेला होता. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. मोठा पट्टा बांधल्यावर सरासरी १३० च्या जवळ आली. दोन्ही कारणे मापनाच्या पद्धतीतली होती, यंत्रात बिघाड नव्हता.

यंत्राचा दाबसंवेदक आम्ही वेगळा तपासतो. त्याला प्रमाणित दाबमापकाशी नळीने जोडून ५० पासून २५० पर्यंत टप्प्याटप्प्याने दाब देतो आणि दोन्हीकडचे आकडे ताडून पाहतो. सर्व टप्प्यांवर सारखाच फरक असेल तर शून्य सरकलेले असते. दाबाबरोबर फरक वाढत गेला तर मापनाची पट्टीच बदललेली असते. येथे ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य धरला जातो.

या तपासणीची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. स्वयंचलित यंत्र पट्ट्यातील दाबाची स्पंदने टिपते आणि त्यांवरून रक्तदाबाचा अंदाज बांधते. संवेदक निर्दोष असला तरी हा अंदाज चुकू शकतो, विशेषतः नाडी अनियमित असल्यास. आयएसओ ८१०६०-२ या मानकाच्या एका निकषानुसार, अनेक व्यक्तींवर घेतलेल्या चाचणीत यंत्राच्या सरासरी चुकीची मर्यादा ५, तर प्रमाण विचलनाची ८ मिलिमीटर पारा असते. पहिला आकडा अचूकतेचा आहे, दुसरा विखुरण्याचा. परंतु दोन्ही अनेकांच्या मिळून असल्याने, प्रमाणित यंत्रही एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत सातत्याने ८–१० ने वर किंवा खाली दाखवू शकते. म्हणून आपले यंत्र पट्ट्यासह एकदा डॉक्टरांकडे न्यावे, दोन्ही उपकरणांवर आळीपाळीने तीन-तीन मापने घ्यावीत आणि दोन सरासऱ्यांमधील फरक यंत्राच्या डब्यावर तारखेसह लिहून ठेवावा.