‘व्हेअर यू आर गोइंग?’ या वाक्यात नेमकं काय चुकलंय?

परभणीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मुलीच्या इंग्रजीच्या वहीत ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हे वाक्य लाल शाईनं कापलेलं होतं आणि बाजूला शेरा होता: ‘हेल्पिंग व्हर्ब नाही, क्रमही चुकला.’ तिचं म्हणणं एवढंच, ‘काका, ‘आर’ तर लिहिलंय की मी. मग हेल्पिंग व्हर्ब नाही कसं?’

मुलीचं बरोबर आहे आणि शेराही अर्धा बरोबर आहे. या वाक्यावर दोन वेगळे आरोप आहेत आणि ते नेहमी एका दमात केले जातात. पहिला असा की प्रश्नाला लागणारं सहायक क्रियापद इथं नाही. दुसरा असा की ते कर्त्याच्या पुढं आलेलं नाही. पहिला आरोप साफ खोटा, कारण ‘आर’ वाक्यात बसलेलंच आहे. दुसरा खरा. ‘यू आर’चं ‘आर यू’ व्हायला हवं होतं, ते झालं नाही. दोन्ही आरोप एकदम लागू पडतील असं वाक्य हवं असेल तर ते ‘व्हेअर यू गो एव्हरी डे?’ हे आहे. तिथं ‘डू’ नाहीच, मग ते पुढं येणार कुठून? आणि ‘व्हेअर यू गोइंग?’ यात सहायक क्रियापद खरंच गळालंय, पण गंमत अशी की घाईच्या बोलण्यात जन्मानं इंग्रजी असलेली माणसंही हे सर्रास म्हणतात. म्हणजे शेऱ्यातली चूक ज्या वाक्यात आहे ते तिकडं घराघरांत चालतं, आणि आपल्या मुलीनं लिहिलेलं मात्र तिकडच्या मोठ्या माणसाच्या कानाला खटकतं.

‘पोरं मराठीतून विचार करतात म्हणून असं लिहितात’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते एकदा तपासून बघू. आपल्याकडं विचारतात, ‘तू कुठं जायलास?’ पुण्याकडं ‘तू कुठे जात आहेस?’ म्हणतील. (निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून टोकलं की काम होत नाही, अशी एक समजूत आहे. काम न होण्याची खरी कारणं बहुतेक वेळा कचेरीत पोचल्यावर कळतात, ‘कुठं’चा त्यात काही दोष नसतो.) आता या वाक्यात ‘कुठं’ आहे तिथंच आहे. उत्तरात ‘मी शेताकडं जायलोय’ म्हणताना ‘शेताकडं’ जिथं येतं, तीच ही जागा. मराठीत प्रश्न करायला प्रश्नशब्द वाक्याच्या तोंडाशी न्यावा लागत नाही. सहायक क्रियापद हलवायचा तर विषयच नाही. आपल्या ‘जायलास’मध्ये तर ते मुख्य क्रियापदात इतकं मुरलंय की वेगळं काढून हलवायला हाताशीच लागत नाही. तेव्हा पोरगी खरोखर मराठीचा साचा उचलत असती तर तिनं ‘यू व्हेअर गोइंग?’ लिहिलं असतं. तसं तिनं लिहिलेलं नाही. ‘व्हेअर’ तिनं वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवलंय, जे मराठीत सक्तीचं नाही. इंग्रजी प्रश्नाला दोन हालचाली लागतात. त्यातली एक तिला जमली आहे, एक राहिली आहे.

ही राहिलेली दुसरी हालचाल म्हणजे या सगळ्यातला सर्वांत मजेदार भाग. तो समजायला इंग्रजी वाक्याच्या तोंडाशी एसटीच्या पुढच्या बाकासारख्या दोन सीटा आहेत असं धरा. खिडकीची सीट प्रश्नशब्दाची, तिच्या शेजारची सहायक क्रियापदाची. कर्ता आणि बाकी मंडळी मागं. ‘यू आर गोइंग’ हे साधं विधान असतं तेव्हा दोन्ही सीटा रिकाम्या असतात. ‘आर यू गोइंग?’मध्ये खिडकी रिकामी, पण ‘आर’ उठून शेजारच्या सीटवर आलंय. ‘व्हेअर आर यू गोइंग?’मध्ये दोन्ही भरल्या. ‘व्हेअर यू आर गोइंग?’मध्ये खिडकी भरली आणि शेजारची सीट मोकळी राहिली.

आता या सीटवर कोण बसू शकतं? आजच्या इंग्रजीत फक्त ‘बी’ची रूपं, ‘हॅव’, ‘विल’, ‘कॅन’ असली मंडळी. ‘गो’, ‘ईट’ यांना तिथं बंदी. मग ‘यू गो’चा प्रश्न करायचा तर पाठवायचं कुणाला? तिथं ‘डू’ला बदली म्हणून पाठवतात. या ‘डू’ला स्वतःचा अर्थ काही नाही, तो फक्त काळ घेऊन पुढं जातो. भूतकाळ ‘डिड’बरोबर पुढं गेला की मागं ‘गो’ कोरा राहतो, आणि म्हणूनच ‘डिड यू वेंट?’ चुकतं. एकच काळ दोन ठिकाणी दाखवला गेला.

ही बंदी नेहमीचीच होती असं मात्र नाही. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र येशूला नेमका हाच प्रश्न विचारतो: ‘व्हिदर गोएस्ट दाऊ?’ कुठं जातोस? सहायक क्रियापद नाही, ‘डू’ नाही, ‘गो’ स्वतःच उठून कर्त्याच्या पुढं बसलंय. जर्मनमध्ये आजही असंच चालतं. इंग्रजीत साधारण 15 व्या ते 17 व्या शतकाच्या दरम्यान मुख्य क्रियापदांचा हा हक्क हळूहळू गेला आणि ‘डू’चं राज्य आलं. आल्वार एलेगार्ड या स्वीडिश अभ्यासकानं 1953 साली जुने ग्रंथ चाळून या बदलाची कालखंडवार मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यावर भाषाशास्त्रज्ञ आजही काम करतात. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं: सहायक क्रियापद हजर असणं आणि कुणीतरी कर्त्याच्या पुढं जाणं या दोन वेगळ्या अटी आहेत. पेत्राच्या वाक्यात दुसरी अट पुरी झाली, पहिली नाही. वहीतल्या वाक्यात बरोबर उलटं.

मग ही सीट रिकामी ठेवली तर कधीच चालत नाही का? चालतं, आणि खरी गुंतागुंत इथंच आहे. ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. त्यात मुलीनं लिहिलेले चारही शब्द त्याच क्रमानं येतात. तिथं ‘आर’ का उठत नाही? आधी सोपी जोडी घेऊ: ‘टेल मी इफ यू आर गोइंग’. इथं दुसऱ्या सीटवर ‘इफ’ आधीच बसलंय, म्हणून ‘आर’ला जागा नाही. ‘इफ’ काढलं की काय होतं हे आयर्लंडच्या इंग्रजीत दिसतं. तिथं ‘ही आस्क्ड मी वॉज आय गोइंग’ म्हणतात. ‘इफ’ गेलं, सीट मोकळी झाली, ‘वॉज’ येऊन बसलं. पण ‘इफ वॉज आय गोइंग’ असं दोघं एकदम बसलेले तिथंही चालत नाहीत. ‘व्हेअर’च्या पोटवाक्यात मात्र सीट दिसायला रिकामी असते, तरीही ‘आर’ येत नाही. यावर एक मत असं की ‘टेल’सारख्या बाहेरच्या क्रियापदानं तिथं आधीच रुमाल टाकलेला असतो, फक्त तो रुमाल आपल्याला दिसत नाही. हे हवेतलं वाटेल, पण 14 व्या शतकातल्या इंग्रजीत हा रुमाल दिसतो: तेव्हा पोटवाक्यात प्रश्नशब्दाच्या मागोमाग ‘दॅट’ ठेवत असत. पुढं ‘दॅट’चा उच्चार गेला, आरक्षण राहिलं. सगळे भाषाशास्त्रज्ञ हे असंच मांडत नाहीत; ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी खुशाल सोडून द्यावा.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे की इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या कानावर दोन्ही क्रम पडतात, एक सरळ प्रश्नात आणि एक पोटवाक्यात. मराठीत असा फरक नाही. ‘तू कुठं जायलास?’ आणि ‘तू कुठं जायलास ते सांग’ यांत आतला क्रम तोच. मराठीचा प्रभाव शोधायचा तर मला तो इथं जास्त दिसतो: शब्दांचा साचा उचलण्यात नाही, तर ‘प्रश्न सरळ असो की पोटातला, क्रम एकच’ या सवयीत.

पण सगळा दोष मराठीवर टाकता येत नाही, याचा पुरावा इंग्रजी घरातल्या मुलांनीच दिलाय. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी 1966 साली अमेरिकन लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास मांडला. त्यात एका टप्प्यावर मुलं ‘हो-नाही’चे प्रश्न बरोबर उलटा क्रम करून विचारतात, पण त्याच वेळी ‘व्हॉट ही कॅन राइड इन?’ असंही विचारतात. ‘कॅन’ हजर, जागा चुकलेली. आपल्या वहीतलीच चूक, आणि त्या मुलांना मराठीचा गंधही नाही. मानफ्रेड पीनेमान यांनी दुसरी भाषा शिकणाऱ्यांबद्दल मांडलेल्या क्रमातही हेच येतं. आधी नुसता प्रश्नशब्द पुढं येतो, मग ‘हो-नाही’च्या प्रश्नात सहायक क्रियापद उठायला लागतं, नंतर प्रश्नशब्दामागोमाग ते दुसऱ्या जागी येतं, आणि पोटवाक्यात ते उठवायचं नाही हे सर्वांत शेवटी जमतं. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची पाटी लावणारे हे टप्पे गाळून दाखवतो म्हणतात, ते पाठांतर असतं, ओळखीचं वाक्य संपलं की उघडं पडतं.

मूल कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायला तीन वाक्यं पुरतात. ‘तू जायलास का?’ याचं इंग्रजी करायला सांगा. ‘यू आर गोइंग?’ असं नुसत्या सुरावर आलं तर दुसरी सीट अजून माहीतच नाही. तिथं ‘व्हेअर’वर वेळ घालवू नका, आधी ‘आर यू’, ‘कॅन यू’, ‘डू यू’ पक्कं करा. ‘आर यू गोइंग?’ आलं आणि तरी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ही येत असेल, तर सीट माहीत आहे, फक्त खिडकी भरली की शेजारची विसरली जाते. मग नियम सांगण्यापेक्षा तिचंच ‘आर यू गोइंग?’ वहीत जसंच्या तसं ठेवून त्याच्या आधी ‘व्हेअर’ चिकटवायला लावा. आतला क्रम हलत नाही हे डोळ्यांना दिसतं. तिसरं वाक्य ‘तू कुठं जायलास ते मला माहिताय’ याचं. तिथं ‘आय नो व्हेअर आर यू गोइंग’ आलं तर लाल शाई जरा बेतानं वापरा. चूक आहे, पण ती पुढच्या टप्प्यावरची आहे. काल बरोबर लिहिणारी पोरगी आज इथं चुकायला लागली तर ती मागं गेलेली नसते, उलट्या क्रमाचा नियम तिनं नको तिथंही लावायला घेतलेला असतो.

‘व्हाय’ आणि नकार एकत्र आले की मात्र धीर धरावा लागतो. ‘व्हाय यू डिडन्ट कम?’ हे भलेभले म्हणतात. अमेरिकेतल्या त्या मुलांच्या नोंदींतही मांजराला उभं का राहता येत नाही हा प्रश्न ‘व्हाय किटी कान्ट स्टँड अप?’ असाच आहे. आणि ‘डू’ची सवय लागल्यावर एक सापळा उरतोच: ‘हू डिड कॉल यू?’ प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर त्याच्या पुढं कुणाला आणायचंच नसतं. ‘हू कॉल्ड यू?’ एवढंच पुरतं. ‘डिड’ तिथं आलंच तर ते ‘मग फोन केला तरी कुणी?’ अशा जोर देऊन विचारण्यापुरतं.