वैश्लेषिक संकेत

वास्तव संकेत x(t) आणि त्याच्या प्रत्येक घटकाची कला ९० अंशांनी मागे सारून मिळणारे हिल्बर्ट रूपांतर y(t) यांपासून z(t) = x(t) + i·y(t) असा घडवलेला संमिश्र संकेत. संगणकावर तो बनवताना फूरिये वर्णपटातील ऋण वारंवारता शून्य करतात, धन वारंवारता दुप्पट करतात, शून्य वारंवारतेचा घटक तसाच ठेवतात आणि व्यस्त रूपांतर घेतात. z चे परिमाण म्हणजे मूळ संकेताचे आवरण. z च्या कलेच्या, म्हणजे त्याच्या कोनाच्या, बदलाचा दर २π ने भागला की तात्क्षणिक वारंवारता मिळते.

या रचनेचे श्रेय सामान्यतः डेनिस गाबोर (१९४६) यांना दिले जाते. कलेच्या अवकलजाला तात्क्षणिक वारंवारता मानणारी व्याख्या मात्र विल (१९४८) यांच्या नावे सांगतात, जरी वारंवारता-अधिमिश्रणाच्या संदर्भात कार्सन व फ्राय यांनी १९३७ मध्येच ती कल्पना वापरली होती. खरा वाद वेगळाच आहे: एकच वास्तव संकेत परमप्रसर व कला यांच्या असंख्य जोड्यांनी लिहिता येतो, मग हीच जोडी का? परमप्रसर सावकाश बदलत असेल आणि त्याचा वर्णपट वाहक तरंगाच्या वर्णपटाखाली राहत असेल, तर हिल्बर्ट रूपांतर वाहकालाच लागू पडते, हा बेड्रोशियन यांचा सिद्धांत (१९६३) या निवडीला पुरेसा आधार देतो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबईच्या अपोलो बंदराजवळील भरती-ओहोटीची नोंद हे बोलके उदाहरण आहे. तेथील अर्धदैनिक भरतीत १२.४२ तासांचा चांद्र घटक सुमारे १.२ मीटर आणि १२ तासांचा सौर घटक सुमारे ०.५ मीटर परमप्रसराचा धरला, तर आवरण उधाणाला १.७ आणि भांगाला ०.७ मीटर येते, व हे चक्र सुमारे १४.८ दिवसांनी फिरते. तात्क्षणिक वारंवारतेशी जुळणारा आवर्तकाल उधाणाला सुमारे १२ तास १८ मिनिटे, तर भांगाला १२ तास ४४ मिनिटे निघतो. म्हणजे भांगाच्या दिवसांत तो दोन्ही घटकांच्या कालांहून मोठा असतो. ही गणिताची चूक नव्हे. त्या दिवसांत लागोपाठच्या दोन भरत्यांमधले अंतर खरोखरच वाढते. तात्क्षणिक वारंवारता म्हणजे वर्णपटात हजर असलेली एखादी वारंवारता, हा समज येथे टिकत नाही.

नोंदीतून आधी सरासरी पातळी वजा करावी लागते. मुंबईत ती नकाशांच्या आधारपातळीपेक्षा सुमारे २.५ मीटर वर आहे. ती राहिली तर १.७ मीटरपर्यंतच जाणारा z चा फेरा शून्यबिंदूला वळसाच घालत नाही, आणि वारंवारतेची सरासरी जवळजवळ शून्य दिसते. हीच त्या चुकीची खूण. दैनिक घटकही फिल्टरने वेगळे काढावे लागतात, अन्यथा आवरणात रोजची थरथर उमटते. नोंदीच्या दोन्ही टोकांजवळचे काही दिवस सोडून द्यावेत, कारण संगणकीय रूपांतर नोंदीचे शेवट व सुरुवात जोडलेले समजते. पायथनमधील `scipy.signal.hilbert` हे फलन, नाव काहीही असले तरी, संपूर्ण z परत देते.