सावजीचा रस्सा, खिशातले चार टिश्यू आणि मशीनभर कपडे

मे महिन्यात मुलगा मित्रांसोबत सावजीत जेवून आला. तो रस्सा खाताना डोळे आणि नाक एकदमच वाहू लागतात, त्यामुळे टेबलावरचे टिश्यू उचलायचे, दोन वापरायचे आणि चार खिशात कोंबायचे, हा सगळ्यांचाच रिवाज. ती जीन्स दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये गेली. सोबत नवऱ्याचा गडद निळा कुर्ता, दोन टॉवेल, पॉलिएस्टरचे टी-शर्ट आणि माझा काळा सुती दुपट्टा. तासाभराने दार उघडलं तर सगळ्यांवर खोबऱ्याचा कीस पसरल्यासारखं दिसत होतं.

शेजारच्या काकूंनी गॅलरीतूनच निकाल दिला, "परत एकदा धुवून काढ ना वं, निघून जाते सगळं."

नेमकं हेच करायचं नसतं. का, ते कळायला आधी मशीनच्या आत काय झालं ते पाहू.

कागद म्हणजे लाकडातल्या सेल्युलोजच्या तंतूंची चटई. मऊ टिश्यूत वापरतात ते निलगिरीसारख्या झाडांचे तंतू जेमतेम मिलिमीटरभर लांब असतात आणि एका ग्रॅममध्ये ते कोटीच्या घरात भरतात. कोरडा कागद टिकतो तो मुख्यतः हायड्रोजन बंधांच्या जोरावर. दोन तंतू जिथे एकमेकांना टेकतात तिथे त्यांचे रेणू एकमेकांना हलकेच धरून ठेवतात. एकेक बंध कमजोर, पण लाखोंनी असले की कागद ओढूनही फाटत नाही. पाणी आलं की ते या दोघांच्या मधे शिरतं आणि तंतू एकमेकांना सोडून पाण्यालाच धरतात. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद कोरड्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी उरते.

टिश्यूंमध्येही प्रकार आहेत, आणि कपड्यांवर काय सापडलं त्यावरून खिशात काय होतं ते ओळखता येतं. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळल्यासारखा सुटावा म्हणूनच बनवलेला असतो. त्याची बारीक भुकटी होते, बरीचशी पाण्याबरोबर वाहून जाते आणि कपड्यांवर धुरकट थर राहतो. किचन टॉवेल आणि चांगल्या प्रतीच्या नॅपकिनमध्ये ओलेपणी टिकणारं एक रेझिन घातलेलं असतं. ते तंतूंना पाण्याला न जुमानणाऱ्या बंधांनी बांधतं, म्हणून किचन टॉवेल पुष्कळदा खिशातच गोळा होऊन सापडतो. त्रास देतो तो मधला माल, म्हणजे हॉटेलातला पातळ, थोडासाच टिकणारा नॅपकिन. तो धड अख्खा राहत नाही, धड विरतही नाही. त्याचे तांदळाएवढे तुकडे होतात. घरी दोन बरण्यांत पाणी घेऊन एकीत टॉयलेट पेपर आणि दुसरीत नॅपकिन घाला आणि पन्नास वेळा हलवा. पहिलीत ताकासारखं गढूळ पाणी होतं, दुसरीत फाटलेल्या दुधासारखे गोळे तरंगतात.

आता मशीन. पाणी भरलं, ड्रम फिरू लागला, जीन्स जीन्सवर घासू लागली आणि खिशातून तुकडे बाहेर पडू लागले. इथपर्यंत फारसं बिघडलेलं नसतं, कारण तुकडे पाण्यात तरंगत असतात. खरा घोळ होतो पिळण्याच्या वेळी. पन्नास सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1000 फेरे घेतो तेव्हा त्याच्या कडेला गुरुत्वाच्या सुमारे 280 पट जोर लागतो. कपड्यांतलं पाणी त्या जोराने बाहेर फेकलं जातं, ते कापडाच्या थरांमधून गाळत गाळत. पाणी गेलं, कागद कापडावर राहिला. हातकागदाच्या कारखान्यात लगदा जाळीवर ओततात, पाणी निथळवतात आणि दाबतात, अगदी तसंच. म्हणजे आपल्या मशीनने आधी टिश्यूचा लगदा केला आणि मग त्याच लगद्याचा कागद कुर्त्यावर बनवला.

म्हणून परत धुतलं की काय होतं? उरलेले तुकडे आणखी बारीक होतात, अजून स्वच्छ असलेल्या कपड्यांवर पसरतात आणि पुन्हा पिळताना जास्त खोल दाबले जातात. साबणाचाही उपयोग नाही. साबण, व्हिनेगर, खायचा सोडा यांपैकी कशातच सेल्युलोज विरघळत नाही. काही डिटर्जंटमध्ये सेल्युलेज नावाचं एन्झाइम असतं, पण ते सुती धाग्यावरची लव छाटण्यापुरतं असतं, तासाभरात टिश्यू खाऊन टाकण्याएवढी त्याची ताकद नसते. आणि समजा कागद विरघळवणारं काही मिळालंच, तर ते कुर्ताही विरघळवेल. कापूस आणि कागद, दोन्ही शेवटी सेल्युलोजच.

ओले कपडे हाताने साफ करण्याचा मोह होतो. मी पहिली पाच मिनिटं तेच केलं. तुकडा चिमटीत धरला की त्याचा अर्धा भाग बोटाला येतो, उरलेला कापडावर पुसला जातो. ओल्या कागदाला जोरच नसतो, तो अख्खा येणार कसा? वर पाण्याचा पातळ पडदा त्याला कापडाला चिकटवून ठेवतो.

त्यामुळे कपडे तसेच, पांढऱ्या ठिपक्यांसकट, वाळत घालायचे. एकेक कपडा बाहेर नेऊन हलकाच झटकायचा आणि दोरीवर टाकायचा. वाळताना दोन गोष्टी होतात. तुकड्यातले तंतू आक्रसतात आणि तुकड्याला पुन्हा कोरड्या कागदाची ताकद येते. कापडाशीही त्याचे थोडे बंध जुळतात, हे खरं, पण धाग्याच्या खडबडीत, गोलसर अंगाला तो फार थोड्या ठिकाणी टेकलेला असतो. कापड वाकतं, कडक तुकडा वाकत नाही, आणि तो सुटून येतो. एकच पथ्य आहे. तुकडे निघण्याआधी इस्त्री फिरवायची नाही, दमट कपड्यावर तर मुळीच नाही. उष्णता आणि दाब मिळाला की तो कागद नीट बसतो.

नागपुरातल्या मे महिन्यात यासाठी ड्रायर लागत नाही. 44–45 अंशांच्या उन्हात गच्चीवर जीन्ससुद्धा दुपारपर्यंत पापडासारखी होते. मी कुर्ता खांद्यांवर धरून पंधरा-वीस वेळा जोरात झटकला. गच्चीच्या फरशीवर पांढरा सडा पडला आणि अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालं. जीन्स उलटी करून खिसे बाहेर ओढले आणि शिवणींवर जुना टूथब्रश कोरडाच फिरवला. उरलेल्यासाठी रुंद चिकटपट्टी हातावर उलटी गुंडाळली आणि थोपटत गेले. घासायचं नाही, फक्त थोपटायचं.

टी-शर्टांनी मात्र वेगळंच नाटक केलं. झटकलेला तुकडा हवेत गिरकी घेऊन परत छातीवर येऊन बसे. ही स्थिरविद्युत. उन्हाळ्यात आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की पॉलिएस्टरवर घासून आलेला विद्युतभार कुठे जातच नाही आणि कागदाचे तुकडे त्याकडे ओढले जातात. इलाज घरातच होता. टी-शर्ट कूलरसमोर दहा मिनिटं टांगले. कूलरची हवा दमट असते, कापडावर ओलाव्याचा अगदी पातळ थर बसतो आणि भार त्यातून निघून जातो. मग ब्रश फिरवला तर तुकडे मुकाट खाली पडले. पावसाळ्यात उलटी गंमत होते. स्थिरविद्युतचा त्रास नाही, पण कपडे कडकडीत वाळतच नाहीत आणि तुकडे चिवट राहतात. तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, आणि ड्रायर असेल तर त्यात दहा-पंधरा मिनिटं फिरवून त्याची जाळी लगेच साफ करायची.

हे सगळं झाल्यावरच पाण्याची पाळी येते. निम्मेच कपडे, भरपूर पाणी, साबण नाही, फक्त रिन्स, आणि त्यात थोडं फॅब्रिक सॉफ्टनर. सॉफ्टनरचे रेणू धाग्यांवर आणि उरल्यासुरल्या कागदी तंतूंवर बसतात आणि त्यांना एकमेकांना बिलगू देत नाहीत. टॉवेलांना मात्र सॉफ्टनर नको, त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

पण त्याआधी मशीन साफ हवं. इथे बहुतेकांची चूक होते ती रिकामं मशीन पाण्याने चालवून घेण्याची. ड्रममधला सगळा कागद मग एका दमात पंपाकडे जातो. क्रम उलटा ठेवा. प्लग काढा. दाराच्या रबराची घडी बोटाने उलगडून आतला लगदा काढा, आमच्याकडे तिथून लिंबाएवढा गोळा निघाला. दार रात्रभर उघडं ठेवा. सकाळी ड्रमला चिकटलेले तुकडे कोरड्या कापडाने सुटतात, पोलादाला ते फारसे धरत नाहीत. भोकांमध्ये अडकलेले व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, आणि शेवटी राहिलेला पातळ थर ओल्या फडक्याने पुसा.

मग फ्रंट लोडचा ड्रेन फिल्टर. तो समोर खालच्या कोपऱ्यात, छोट्या झाकणामागे असतो. गरम पाण्याने धुतलं असेल तर आधी थंड होऊ द्या. पसरट ताट आणि फडकं खाली ठेवा, बारीक नळी दिली असेल तर तिच्यातून पाणी काढून घ्या आणि मग फिल्टर हळूहळू फिरवून बाहेर ओढा. आमच्या फिल्टरवर खव्यासारखा राखाडी लगदा बसला होता, त्यात मुलाच्या जीन्सचे निळे धागेही. पोकळीत टॉर्च मारून पंपाचं पातं मोकळं फिरतंय का ते काडीने हलवून पाहा. फिल्टर नीट घट्ट बसवा, नाहीतर पुढच्या धुण्याला फरशी धुतली जाते. टॉप लोडमध्ये बहुधा आतल्या भिंतीवर जाळीची पिशवी असते. ती काढून पूर्ण वाळवा आणि मग उलटी करून झटका, ओली असताना खरवडलीत तर लगदा जाळीतच भरतो.

पंप तुंबल्याची खूण सोपी आहे. पाणी काढायच्या वेळी नुसती घरघर ऐकू येते, पाणी काचेत दिसत राहतं आणि मशीन पिळायलाच सुरुवात करत नाही. फिल्टर साफ करूनही असं झालं तर कागद पुढच्या नळीत आहे, तिथे मेकॅनिक भाऊंना बोलवावं.

ड्रम आणि बाहेरच्या टाकीच्या मधली फट मात्र आपल्या हाताला लागत नाही. तिथे थोडा कागद राहतोच आणि पुढच्या दोन-तीन धुण्यांत ठिपक्या-ठिपक्यांनी बाहेर येतो. म्हणून रिकामं एक रिन्स, पुन्हा फिल्टर, आणि मग पहिला घाणा जुन्या पांढऱ्या चादरींचा लावला. निळा कुर्ता आणि काळा दुपट्टा त्या चादरींनंतरच गेले, आणि स्वच्छ आले.

टॉवेल अजून त्रास देतायत. त्यांच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत तुकडे इतके आत बसतात की चिकटपट्टी पोहोचत नाही. तिसऱ्या धुण्यानंतरही परवा मुलगा अंघोळ करून आला तेव्हा त्याच्या कानामागे टिश्यूचा एक तुकडा चिकटलेला होता.