बहुस्तरीय पेज टेबल

संगणकाच्या आभासी पत्त्यांवरून खऱ्या मेमरीतले पत्ते शोधण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोसेससाठी पेज टेबल ठेवते. हे टेबल सलग एका पट्ट्यात न ठेवता झाडासारखे अनेक पातळ्यांत विभागले, तर त्याला बहुस्तरीय पेज टेबल म्हणतात. ही रचना कशी चालते आणि तिचे माप कसे ठरते, ते ४८ बिटी आभासी पत्ते आणि ४ केबी पेज, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे ठरावीक तुकडे, वापरणाऱ्या x86-64 प्रोसेसरवर चांगले दिसते.

४ केबी पेजमधला नेमका बाइट दाखवायला पत्त्याचे शेवटचे १२ बिट लागतात. उरलेले ३६ बिट म्हणजे पेजचा क्रमांक. एकसलग टेबल ठेवायचे तर २³⁶ नोंदी आणि प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे एका प्रोसेसमागे ५१२ जीबी. ३२ बिटी यंत्रावर ४ बाइटच्या नोंदींनी हाच हिशेब ४ एमबी येत असे. तो कुरकुरत का होईना, पण परवडण्यासारखा होता.

प्रोसेसला एवढी जागा कधीच लागत नाही. कोड आणि हीप एका टोकाला, स्टॅक दुसऱ्या टोकाला आणि मध्ये प्रचंड पोकळी, अशीच साधारण मांडणी असते. झाडाचा सगळा फायदा या पोकळीत आहे. वरच्या पातळीवरच्या नोंदीत ‘उपस्थित’ बिट शून्य असला, की तिच्याखालची टेबले बनवावीच लागत नाहीत. x86-64 वर अशा चार पातळ्या असतात; सर्वांत वरच्या टेबलातली एक रिकामी नोंद ५१२ जीबीचा पट्टा निकालात काढते.

समजा, कोड आणि हीप मिळून २ एमबीच्या एकाच खंडात मावले आणि दूरचा स्टॅक दुसऱ्या खंडात. मग वरचे मूळ टेबल एक आणि खालच्या तिन्ही पातळ्यांवर दोन-दोन, अशी सात टेबले लागतात. प्रत्येक ४ केबीचे, म्हणून एकूण २८ केबी.

माप ठरवण्याचा नियम असा, की प्रत्येक टेबल बरोबर एका पेजमध्ये बसावे. त्यामुळे टेबलासाठी सलग मोठी जागा शोधावी लागत नाही. पेजचा आकार P, नोंदीचा E आणि आभासी पत्त्याचे बिट V असतील, तर प्रत्येक पातळी पत्त्यातले जितके बिट वापरते ती संख्या n आणि पातळ्यांची संख्या L अशी निघते:

```
n = log2(P / E)
L = ceil((V - log2(P)) / n)
```

४०९६ ला ८ ने भागल्यावर ५१२ नोंदी येतात, म्हणजे n = ९; ३६ भागिले ९, म्हणून चार पातळ्या. पत्ता ५७ बिटी केला की ४५ बिट उरतात आणि पाचवी पातळी लागते; इंटेलने ती आणली आहे. एआरएमवर ६४ केबीची पेज घेतली, तर एका टेबलात ८१९२ नोंदी मावतात, n = १३ होतो आणि ४८ बिटांना तीनच पातळ्या पुरतात. सर्वांत वरच्या पातळीला मात्र फक्त ६ बिट उरतात. भागाकार नि:शेष नसला, की असे अपुरे टेबल वरच ठेवतात, कारण तिथे ते एकच असते.

पातळ्या फुकट येत नाहीत. पत्त्याचे भाषांतर टीएलबी या छोट्या कॅशमध्ये नसेल, तर प्रोसेसरला चार पातळ्यांसाठी चार वेळा मेमरी वाचावी लागू शकते. वरच्या पातळ्यांच्या नोंदीही कॅशमध्ये राहत असल्याने प्रत्यक्षात एवढा फटका क्वचितच बसतो. शिवाय सगळी जागा खरोखरच भरली, तर हे झाड एकसलग टेबलापेक्षा थोडे मोठेच भरते. बचत रिकामेपणाची आहे, आणि तीही रिकामी जागा सलग असेल तरच. दर १ जीबीमागे एकच पेज वापरणारा विखुरलेला प्रोग्राम प्रत्येक ४ केबी डेटामागे खालच्या दोन पातळ्यांची ८ केबीची टेबले बनवतो.

व्यवहारात जास्त नडते ती सामायिक मेमरी. डेटाबेसचा ८ जीबीचा सामायिक बफर २०० प्रोसेसनी पूर्ण वापरला, तर डेटा एकच राहतो, पण साधारणपणे प्रत्येकाची टेबले वेगळी असतात. ८ जीबीत २१ लाखांहून थोडी कमी पेज, म्हणजे प्रत्येकी १६ एमबी शेवटच्या पातळीची टेबले. २०० प्रोसेसची मिळून ३,२०० एमबी. मेमरी कुठे गेली ते प्रोसेसच्या आकड्यांत पटकन सापडत नाही, म्हणून लिनक्सवर आधी हे पाहावे:

```
grep ^PageTables /proc/meminfo
grep VmPTE /proc/PID/status
```

पहिली ओळ पूर्ण यंत्राचा आकडा देते, दुसरी एका प्रोसेसचा. `PID` च्या जागी प्रोसेसचा क्रमांक घालावा. अशा वेळी बफरसाठी २ एमबीची पेज वापरली, तर शेवटची पातळीच गळून पडते. ८ जीबीला ४०९६ नोंदी पुरतात, म्हणजे दर प्रोसेसमागे ३२ केबी आणि २०० प्रोसेसचे मिळून जेमतेम सव्वासहा एमबी.